सरासरीला कुणीतरी गाठतंच

एक ते दहा हे आकडे एका वर्तुळाभोवती, मनाला येईल त्या क्रमाने लिहा. आता शेजारशेजारच्या तीन-तीन आकड्यांच्या बेरजा करा. वर्तुळ असल्यामुळे अशी दहा त्रिकुटं मिळतात. माझा दावा असा, की तुम्ही आकडे कसेही मांडा, निदान एका त्रिकुटाची बेरीज १८ किंवा त्याहून जास्त येणारच.

हा दावा ऐकल्यावर बहुतेकजण तो खोटा पाडायला निघतात, आणि त्यांनी निघावंच. मोठ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना लहान आकडे ठेवायचे, ही सर्वांना सुचणारी पहिली युक्ती. १०, १, ९, २, ८, ३, ७, ४, ६, ५ असं मांडलं, तर सुरुवातीलाच १०, १ आणि ९ मिळून २० होतात. मग ९ लांब नेला जातो, तिथे तो ८ला जाऊन भिडतो. पाचसात प्रयत्नांनंतर माणूस कागद बाजूला सारतो आणि म्हणतो, "असेल खरं, पण कशावरून?" दहा आकडे वर्तुळावर मांडायचे तीन लाखांहून जास्त प्रकार आहेत. ते सगळे तपासत कोण बसणार?

तपासावे लागत नाहीत. त्यासाठी जी गोष्ट लागते ती इतकी साधी आहे, की पहिल्यांदा ऐकताना आपली थट्टा चालली आहे असं वाटतं. काही आकड्यांची सरासरी अमुक इतकी असेल, तर त्यातला निदान एक आकडा तेवढा किंवा त्याहून मोठा असतोच. बस, एवढंच.

शेतात मातीचे लहानमोठे ढीग पडलेत आणि तुम्ही फावड्याने ते सारखे केलेत, असं समजा. सपाट झालेल्या मातीची उंची म्हणजे सरासरी. ती सगळ्यांत उंच ढिगाहून जास्त कशी भरेल? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) खड्ड्यांच्या गणिताचं एक प्रकरण आहे. त्यातल्या एका उदाहरणात वेड्यावाकड्या खड्ड्याची खोली तीन ठिकाणी मोजली आहे: दोन, चार आणि तीन हात. त्यांची सरासरी तीन हात. लांबी-रुंदीचीही अशीच सरासरी काढून तो खड्डा जणू सरळसोट आहे असं धरायचं आणि किती माती निघाली ते काढायचं, असा हिशेब. तिथे प्रवास उंचसखलाकडून सपाटीकडे होतो. आपल्याला उलट यायचं आहे. सपाट केल्यावर तीन हात खोली भरली एवढंच कुणी सांगितलं, तरी मूळ खड्डा कुठेतरी तीन हात किंवा जास्त खोल होता, हे जागेवर न जाताही कळतं.

सिद्धता दोन ओळींची आहे, आणि ती उलट्या बाजूने येते. समजा एकही आकडा सरासरीपर्यंत पोचत नाही, सगळेच्या सगळे तिच्या खाली आहेत. मग त्यांची बेरीज 'सरासरी गुणिले आकड्यांची संख्या' याहून कमी भरेल. पण सरासरीची व्याख्याच अशी आहे की तो गुणाकार बेरजेइतकाच असतो. विसंगती आली, म्हणजे कुणीतरी पोचतंच. यातून एक पोटनियमही मिळतो. एखादा आकडा सरासरीच्या खाली असेल, तर दुसरा कुणीतरी नुसता बरोबरीला नव्हे, सरासरीच्या वर असलाच पाहिजे, कारण खालच्याची तूट कुणीतरी भरून काढायला हवी.

आता वर्तुळाकडे जाऊ. दहा त्रिकुटांच्या दहा बेरजा आहेत. या बेरजांची सरासरी किती? मांडणी माहीत नसताना हे कसं सांगणार, असं वाटेल, पण प्रत्येक आकडा बरोबर तीन त्रिकुटांत येतो: एकात मधला म्हणून, एकात डावा म्हणून, एकात उजवा म्हणून. त्यामुळे दहाही बेरजा एकत्र केल्या, की प्रत्येक आकडा तीनदा मोजला जातो. एक ते दहाची बेरीज ५५, तिची तिप्पट १६५, आणि त्याला दहाने भागलं की १६.५. मांडणी कुठलीही असो, सरासरी हीच. म्हणून कुठल्यातरी त्रिकुटाची बेरीज निदान १६.५ आहे. बेरजा पूर्णांकी असल्यामुळे साडेसोळा येऊच शकत नाही, म्हणजे निदान १७.

इथे अर्धा आकडा फुकटात मिळाला, आणि तो फक्त पूर्णांकांमुळे मिळाला. आकड्यांऐवजी रुपये-पैसे असते, तर साडेसोळावरच थांबावं लागलं असतं. परीक्षेत मुलं ही वर सरकण्याची पायरी सवयीने घेतात, आणि अपूर्णांक चालत असतील तिथेही घेतात. तिथे उत्तर चुकतं.

पण दावा १८चा होता आणि आपण १७वर अडकलो आहोत. नियम तोच, आकडे तेच, मग वाढीव एक कुठून आणायचा? नियमाने सांगायचं ते सांगून झालं आहे. आता आपण सरासरी कशाची काढतो आहोत, तेच बदलून पाहायला हवं.

दहाही त्रिकुटं घ्यायची सक्ती कुणी केली आहे? वर्तुळावर १ कुठे बसला आहे ते शोधा आणि त्याला बाजूला ठेवा. त्याच्या पुढून निघून उरलेले नऊ आकडे ओळीने तीन-तीनच्या तीन गटांत तोडा. या नऊ आकड्यांची बेरीज ५४. तीन गट, म्हणून सरासरी १८. म्हणजे त्या तिघांतल्या एकाची बेरीज १८ किंवा जास्त. संपलं! पहिल्या खेपेला सरासरी खाली ओढत होता तो १. तो तीन त्रिकुटांत शिरून प्रत्येकाला खाली आणत होता, त्याला गाळल्याबरोबर सरासरी दीडने वर गेली. १ऐवजी १० गाळला असता, तर ४५ भागिले तीन, म्हणजे १५ आले असते. विधान खरंच राहिलं असतं, पण निरुपयोगी.

हाच मार्ग पुढे ताणून १९ मिळवता येईल का? नाही. ही मांडणी पाहा: १, १०, ६, २, ९, ५, ४, ८, ३, ७, आणि सातनंतर पुन्हा १. हिच्या दहा बेरजा क्रमाने १७, १८, १७, १६, १८, १७, १५, १८, ११ आणि १८ अशा येतात. १८च्या वर एकही नाही. म्हणून १८ ही हमीची शेवटची मर्यादा. सरासरीच्या युक्तिवादाने काही सिद्ध केल्यावर अशी एखादी मांडणी शोधून पाहणं मला आवश्यक वाटतं. ती सापडली तर काम पुरं झालं. नाही सापडली, तर आपली सरासरी अजून आळशी आहे असा संशय घ्यावा.

हा युक्तिवाद कुठे कोसळतो तेही याच खेळात दिसतं. वर्तुळाऐवजी सरळ रांग घ्या. १०, ६, १, ८, २, ५, ७, ३, ४, ९. त्रिकुटांच्या बेरजा १७, १५, ११, १५, १४, १५, १४, १६. एकही १८ नाही! काय बदललं? रांगेत टोकाचे आकडे एकेका त्रिकुटातच येतात, त्यांच्या शेजारचे दोन-दोनमध्ये. 'प्रत्येक आकडा तीनदा' हा हिशेब मोडला, आणि १० व ९ टोकांना दडवण्याची सोय झाली. '१ गाळा' हेही इथे चालत नाही, कारण १ मधे असला की त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे तिनाच्या पटीत तुटतीलच असं नाही. या पद्धतीत चूक होते ती बहुधा अशीच, कोण किती वेळा मोजला गेला हे न पाहता सरासरी काढल्याने.

गणिताच्या पुस्तकांत या नियमाचं एक वेगळं, जास्त प्रसिद्ध रूप भेटतं. कबुतरं खुराड्यांपेक्षा जास्त असली, तर एका खुराड्यात निदान दोन कबुतरं असणार. जर्मन गणिती डिरिक्ले याच्या नावाशी हे तत्त्व जोडलं जातं. १८३४ साली त्याने ते वापरलं, तेव्हा कबुतरं नव्हती, कपाटाचे खण होते. १३ माणसांत दोघांचा जन्ममहिना एक असणारच, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा याला मात्र या कबुतरांचं कौतुक मंजूर नव्हतं. आपल्या हस्तलिखित टिपणांत त्याने तक्रार केली आहे, की या तत्त्वाला नको तेवढा मान मिळतो. त्यापेक्षा 'सर्वांत मोठा आकडा सरासरीहून लहान नसतो' एवढं सरळ म्हणावं.

मला त्याचं पटतं. शंभर माणसं असतील तर कबुतरवाल्याला नवं वाक्य रचावं लागतं. सरासरीवाला १००ला १२ने भागतो, ८.३३ येतात, आणि कुठल्यातरी महिन्यात निदान नऊजण जन्मले आहेत हे सांगून मोकळा होतो. शिवाय वर्तुळाच्या खेळात कबुतरं कोण आणि खुराडी कोणती, ते शोधत बसावं लागलं असतं.

आता आकड्यांऐवजी माणसं घेऊ. एका सोसायटीची सहल निघाली आहे. सहा कुटुंबं, दोन छोट्या बस, एक लाल आणि एक निळी. कुटुंबांना क, ख, ग, घ, च, छ म्हणू. त्यांच्यात नऊ भांडणं आहेत: क-ख, ख-ग, ग-क, ग-घ, घ-च, च-छ, छ-क, ख-च आणि घ-छ. (पार्किंग, गळकं छत, गच्चीवरचं वाळवण, कारणं तुम्हाला माहीत आहेत.) सचिवाला हवं आहे की भांडणारी जास्तीत जास्त जोडपी वेगवेगळ्या बसमध्ये जावीत. सगळी वेगळी करणं अशक्य आहे हे लगेच दिसतं. क, ख आणि ग तिघांचंही एकमेकांशी बिनसलंय, आणि बस तर दोनच. तरी किती भांडणं तुटतील याची हमी देता येईल?

प्रत्येक कुटुंबाला लाल किंवा निळी असे दोन पर्याय, म्हणजे एकूण वाटण्या ६४. प्रत्येक वाटणीपुढे 'किती भांडणं तुटली' हा आकडा लिहिला, तर ६४ आकड्यांची यादी होईल. तिची सरासरी हवी आहे, पण यादी न करता. त्यासाठी तक्ता आडवा न वाचता उभा वाचायचा, वाटणी धरून न मोजता भांडण धरून मोजायचं. क आणि ख यांचंच पाहा. दोघे लाल, दोघे निळे, क लाल-ख निळा, क निळा-ख लाल, अशा चार शक्यता, आणि त्यातल्या दोनांत ते वेगळे होतात. म्हणून ६४पैकी ३२ वाटण्यांत हे भांडण तुटतं. प्रत्येक भांडणाचं तसंच. नऊ भांडणं गुणिले ३२ म्हणजे २८८, आणि ६४ने भागलं की ४.५. म्हणून कुठल्यातरी वाटणीत निदान पाच भांडणं तुटतात. कोण कोणाशी भांडतो हे हिशेबात कुठेच लागलं नाही, फक्त भांडणांची संख्या लागली. सहाऐवजी साठ कुटुंबं असोत, निम्मी भांडणं तोडणारी वाटणी असतेच.

सचिव यावर म्हणेल, "असते ठीक आहे, पण कुठली?" सरासरी त्यावर गप्प बसते. सहा कुटुंबांच्या ६४ वाटण्या संध्याकाळभरात तपासता येतील. साठ कुटुंबांच्या वाटण्या म्हणजे एकावर अठरा शून्यं, त्याहून थोड्या जास्तच. पण इथे सुटकेची वाट आहे, आणि ती सरासरीतूनच निघते. कुटुंबांना एकेक करून बसवायचं. नव्या कुटुंबाचे आधी बसलेले विरोधक ज्या बसमध्ये जास्त, तिच्या उलट बसमध्ये त्याला पाठवायचं. बरोबरी झाली तर कुठेही.

क लालमध्ये बसला. ख त्याचा विरोधक, म्हणून निळीत, एक भांडण तुटलं. गचा एक विरोधक लालमध्ये, एक निळीत. बरोबरी, म्हणून लालमध्ये पाठवू. त्याचं खशी तुटलं, कशी राहिलं, एकूण दोन. घचा आतापर्यंतचा विरोधक फक्त ग, तो लालमध्ये, म्हणून घ निळीत, तीन. चचे विरोधक ख आणि घ दोघेही निळीत, म्हणून च लालमध्ये, पाच. उरला छ. त्याचे क आणि च लालमध्ये, घ निळीत, म्हणून छ निळीत, आणखी दोन तुटली. एकूण सात! लालमध्ये क, ग, च आणि निळीत ख, घ, छ.

ही रीत निम्म्याच्या खाली का जात नाही? प्रत्येक भांडणाचा निकाल त्यातलं दुसरं कुटुंब बसमध्ये चढतं त्या क्षणी लागतो, आणि त्या क्षणी लागणाऱ्या निकालांपैकी निम्मे तरी आपण तोडतो. आत मुरलेला नियम तोच. प्रत्येक पायरीला दोन पर्याय असतात, आणि पुढच्या सगळ्या शक्यतांची सरासरी ही त्या दोन पर्यायांच्या सरासऱ्यांची सरासरी असते. दोघांपैकी एक तरी कमी भरत नाही, तो निवडत जायचं. शेवटी सगळे बसले की सरासरी उरत नाही, एकच वाटणी उरते आणि ती पहिल्या सरासरीहून वाईट नसते.

सात हे खरं तर सर्वोत्तम उत्तर आहे. क-ख-ग हा एक तिढा आणि घ-च-छ हा दुसरा. दोन्हींत एकेक भांडण एकाच बसमध्ये राहणारच, म्हणून दोनांहून कमी उरणं शक्य नाही. हमी पाचची होती, मिळाले सात. हमी ही तळाची रेघ असते, अंदाज नव्हे.

वर्तुळातला १ आठवतो? इथेही तसा एक नतद्रष्ट दडला आहे. ६४ वाटण्यांत सगळेजण एकाच बसमध्ये कोंबलेल्या दोन वाटण्याही होत्या. तिथे एकही भांडण तुटत नाही, आणि त्या सरासरी खाली ओढतात. त्यांच्यासारख्या साऱ्या लंगड्या वाटण्या गाळून फक्त तीन-तीनच्या वाटण्या घेऊ. अशा २० आहेत. क आणि ख वेगळे पडतात अशा त्यात १२ (कबरोबर उरलेल्या चौघांतले दोन निवडायचे, ते सहा प्रकारे, आणि क कुठल्या बसमध्ये यामुळे दुप्पट). नऊ गुणिले १२ भागिले २० म्हणजे ५.४. हमी पाचवरून सहावर गेली, आणि दोन्ही बस सारख्या भरल्या हा वरचा फायदा.

एवढं सगळं देणारा हा नियम काय देत नाही, तेही बोलून टाकतो. सरासरीइतका 'एक' आहे एवढंच तो सांगतो, पुष्कळ आहेत असं नाही. एका खोलीतल्या नऊजणांचा महिन्याचा पगार वीस हजार आणि दहाव्याचा आठ लाख वीस हजार असेल, तर सरासरी एक लाख येते आणि तिच्या वर एकटा दहावा असतो. त्या लाखावरून उरलेल्या नऊजणांबद्दल काहीही बोलता येत नाही, तरी लोक बोलतात. दुसरं, यादी संपणारी हवी. १/२, २/३, ३/४, ४/५ अशी न संपणारी ओळ घ्या. जितके जास्त आकडे घ्याल तितकी त्यांची सरासरी १च्या जवळ जाते, आणि तरी १पर्यंत पोचलेला आकडा त्या ओळीत एकही नाही.

यादी न पाहता तिच्यात काहीतरी आहे असं ठामपणे सांगण्याची ही हातोटी हंगेरीच्या गणितींनी फार पुढे नेली. पॉल एर्डोशचं नाव त्यात सर्वांत मोठं, पण त्याच्या आधी १९४३ साली टिबोर सेले याने जे केलं ते मला विशेष आवडतं. दहा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, बरोबरी नाही. स्पर्धा संपल्यावर दहा संघ अशा रांगेत लावायचे, की प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवलेलं असावं. अशा रांगा जास्तीत जास्त किती निघू शकतात? दहा संघांच्या रांगा ३६,२८,८००. एक रांग धरली, की तिच्यातले लागोपाठचे नऊ सामने ठरल्याप्रमाणे लागायला हवेत. सगळ्या शक्य निकालतक्त्यांपैकी ५१२मधल्या एकात तसं होतं. भागाकार ७०८७.५. म्हणून एखादा तरी निकालतक्ता असा आहे, की ज्यातून अशा ७०८८ किंवा जास्त रांगा निघतात. सेलेला तो तक्ता मांडून दाखवावा लागला नाही.

यात आणखी एकाची भर घालता येते. लास्लो रेदेई या दुसऱ्या हंगेरियन गणितीने १९३४ सालीच दाखवलं होतं, की कुठल्याही स्पर्धेत अशा रांगांची संख्या विषमच असते. ७०८८ सम आहे. म्हणजे ७०८९.